पुतीन दिल्लीत येऊन गेला, मग वॉरंट कुठं गेलं?

चिखलीचा_अभ्यासू | शनिवार, रात्री ९:४०

अभ्यासिकेसमोरच्या टपरीवर काल जे पेटलं ते अजून विझलेलं नाही, म्हणून इथं टाकतो.

हेगच्या फौजदारी कोर्टानं १७ मार्च २०२३ ला पुतीनवर अटक वॉरंट काढलं. आरोप असा की युक्रेनमधली लेकरं उचलून रशियात नेली. डिसेंबर २०२५ मध्ये हाच माणूस दिल्लीत उतरला, पंतप्रधान स्वतः विमानतळावर घ्यायला गेले, बैठका झाल्या, जेवण झालं, गेला. कोणी हात लावला नाही.

आमच्यात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते भारतानं कायदा मोडला. दुसरी म्हणते ते वॉरंट म्हणजे नुसती रद्दी, भिंतीवर लावायला. आलूबोंड्याच्या दोन प्लेटींची पैज लागली आहे. मी अजून कोणत्याच बाजूला नाही. माहीतगारांनी सांगावं.

---

तेल्हारा_गुरुजी | रात्री १०:०५

बाळा, यात वादच नाही. राष्ट्रप्रमुखाला परदेशात कोणी अटक करू शकत नाही, हा शेकडो वर्षांचा नियम आहे. हेगच्याच कोर्टानं २००२ साली बेल्जियमला तसं बजावलंही होतं. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावर बेल्जियमनं वॉरंट काढलं होतं, ते रद्द करायला लावलं.

आणि भारत त्या कोर्टाला मानतोच. कुलभूषण जाधवांच्या वेळी आपणच हेगला गेलो होतो. म्हणून "भारत त्या कोर्टात नाही" असं जे लोक ठोकून देतात ते चूक आहे.

---

पराटीवाला | रात्री १०:२२

राजेहो, तुमचा पुतीन चालू द्या, पण माह्यं बी ऐका. माह्या कापसाचे पैशे एका व्यापाऱ्यानं तीन वर्सापासून दाबून ठेवले. चेक देल्ला, तो बाऊन्स झाला. १३८ ची केस टाकली. कोर्टानं पकड वॉरंट काढलं. ठाण्यातून दर तारखेले कागद परत येते, "आरोपी मिळून आला नाही." अन् तोच आरोपी मले सोमवारच्या बजारात चहा पितानी दिसते. मागच्या खेपेला तं त्यानं मलेच इचारलं, यंदा पराटी कशी हाये म्हणून.

हेगच्या कोर्टाचं मले माहीत नाई, पण वॉरंट निंघणं अन् माणूस सापडणं ह्या दोन येगयेगळ्या गोष्टी हायेत, एवढं मले पाठ झालं.

---

वकीलताई_पुसद | रात्री ११:१०

पराटीवाले भाऊ, धाग्याच्या पहिल्या तासात सगळ्यात नेमकं तुम्हीच बोललात.

माझा एलएलएमचा प्रबंध याच विषयावर होता. आता दिवसभर वाटणीचे दावे आणि पोटगीच लिहिते, त्यामुळे कोणी हा विषय काढला की मला राहवत नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गुरुजी, आधी तुमचं. हेगमध्ये दोन वेगळी कोर्टं आहेत. जाधवांचं प्रकरण जिथं चाललं ते देशादेशांमधले तंटे सोडवणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथं भारत विरुद्ध पाकिस्तान असा दावा होता. पुतीनवर वॉरंट काढणारं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथं आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा राहतो, देश नाही. ते १९९८ च्या रोमच्या करारातून जन्मलं आणि २००२ पासून सुरू झालं. रोममध्ये १२० देशांनी बाजूनं मत दिलं, ७ विरोधात होते आणि २१ तटस्थ राहिले. तटस्थांमध्ये भारत होता आणि त्यानं आजतागायत सही केलेली नाही. म्हणून दिल्लीत पुतीनला धरण्याचं बंधन भारतावर नव्हतं. अभ्यासू, पहिली पार्टी इथंच हरली.

आणि दिल्लीत हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये भारत-आफ्रिका शिखर परिषदेला सुदानचे अध्यक्ष ओमर अल बशीर आले होते. त्यांच्यावर तर तेव्हा याच कोर्टाची दोन वॉरंटं होती, दुसऱ्यात वंशसंहाराचा आरोप. फौजदारी कोर्टानं भारताला अटकेची विनंतीही केली होती. ते आले, फोटो काढले, गेले.

पण दुसऱ्या पार्टीनं इतक्यात आलूबोंडे मागवू नयेत. "रद्दी" हा शब्द कितपत खरा आहे हे बघायला दिल्लीऐवजी त्याच बशीरची, दिल्लीच्या चार महिने आधीची, जोहान्सबर्गची गोष्ट बघावी लागते. तिथला देश सदस्य होता. उद्या सकाळी लिहिते.

---

सिंदेवाही_७० | रात्री ११:४८

ताई, लिहा, वाचू. पण आधी हे सांगा, या कोर्टाला आफ्रिकेतलेच काळे नेते का दिसतात? नेतन्याहूवर नोव्हेंबर २०२४ ला वॉरंट निघालं. एप्रिल २०२५ मध्ये ते सदस्य देश असलेल्या हंगेरीत जाऊन आले. हंगेरीनं पकडायचं सोडा, उलट आम्हीच कोर्टातून बाहेर पडतो असं जाहीर केलं. आणि अमेरिकेनं तर त्या कोर्टाच्या मुख्य वकिलावर आणि न्यायाधीशांवरच निर्बंध लावले. आमच्या गावात पाटलाच्या पोरावर केस झाली की फौजदाराचीच बदली होते, तशातली गत.

---

वकीलताई_पुसद | रविवार, सकाळी ७:३०

सिंदेवाहीकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. शेवटी येते त्याच्याकडे. आधी जोहान्सबर्ग.

दारफूर हा सुदानचा पश्चिम भाग, बशीरवरचे आरोप तिथल्याच कत्तलींचे. सुदान रोमच्या कराराचा सदस्य नाही. मग कोर्टाला तिथला अधिकार आला कुठून? ३१ मार्च २००५ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १५९३ करून दारफूरचं प्रकरण कोर्टाकडे सोपवलं. ११ मतं बाजूनं, ४ तटस्थ, विरोधात एकही नाही. "सुदाननं कोर्टाला पूर्ण सहकार्य करावं" हे वाक्यही त्याच ठरावात आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे.

मार्च २००९ मध्ये बशीरवर पहिलं वॉरंट निघालं. सत्तेवर असलेल्या राष्ट्रप्रमुखावर या कोर्टानं काढलेलं ते पहिलंच. जुलै २०१० ला दुसरं. त्यानंतर ते घरी बसले असं नाही. चाड, केनिया, मलावी, काँगो असे सदस्य देश बिनधास्त फिरले.

जून २०१५ मध्ये आफ्रिकी संघाची परिषद जोहान्सबर्गला होती. दक्षिण आफ्रिका कराराची सदस्य. नुसती सदस्य नाही, त्यांनी २००२ मध्ये करार राबवायला स्वतःचा देशी कायदाही केला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की राष्ट्रप्रमुख आहे म्हणून सुपूर्द करायला अडचण येणार नाही. तरी सरकारनं परिषदेच्या पाहुण्यांना संरक्षण देणारी अधिसूचना काढली आणि शनिवारी, १३ जूनला बशीर उतरले.

रविवारी एक वकिली संस्था प्रिटोरियाच्या हायकोर्टात गेली. सुट्टीच्या दिवशी न्यायाधीश बसले आणि अंतरिम आदेश दिला की अंतिम निकाल लागेपर्यंत या माणसाला देशाबाहेर जाऊ देऊ नका, देशाबाहेर जाण्याच्या सगळ्या नाक्यांवर कळवा. म्हणजे जोहान्सबर्गमध्ये वॉरंटचं काम हेगच्या न्यायाधीशांनी नाही, स्थानिक न्यायाधीशानं केलं.

सोमवारी साडेअकराला तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी सुरू झाली. सरकारी वकील उभे राहून सांगतात की बशीर देशातच आहेत. त्याच सुमारास वॉटरक्लूफ नावाच्या लष्करी विमानतळावरून सुदानचं अध्यक्षीय विमान उडालं. साधारण तीनला कोर्टानं निकाल दिला: अटक करा. निकाल वाचून झाल्यावर सरकारी वकिलांनी सांगितलं की ते गेले.

मी हे सगळं तेव्हा नागपूरच्या हॉस्टेलवर मोबाईलवर बघत होते. विमान उडताना कोणीतरी फोटो टाकला होता आणि आम्ही मुली अजून "सुनावणी चालू आहे" हेच अपडेट वाचत होतो.

---

माजी_सैनिक_मेहकर | सकाळी ८:५५

जय हिंद. सुदानचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तिथं होतो, पण दारफूरला नाही, मलाकालला. आपली बटालियन तिकडं होती. कोणाला वाटेल की इतकी फौज तिथं होती तर वॉरंट असलेल्यांना धरलं का नाही. आम्हाला तसा हुकूमच नव्हता. आमचं काम शस्त्रसंधीवर नजर ठेवणं, ताफ्यांना संरक्षण देणं, रस्ते मोकळे ठेवणं.

अहमद हारून नावाचा एक गव्हर्नर होता, दक्षिण कोर्दोफानचा. त्याच्यावर २००७ पासून याच फौजदारी कोर्टाचं वॉरंट. जानेवारी २०११ मध्ये अबेईत मारामारी पेटली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्याच हेलिकॉप्टरनं त्याला बैठकीला नेलं, कारण टोळ्यांना बसवून बोलणी करायला तोच माणूस लागत होता. ज्यावर वॉरंट, तोच पाहुणा. आमच्या मेसमध्ये यावरून जोरात वाद झाला. एक सुभेदार म्हणाले, त्याला धरला असता तर त्या रात्री अबेईत किती मेले असते याचा हिशोब कोणी द्यायचा? दुसरे म्हणाले, दारफूरमध्ये जे मेले त्यांचा कोणी दिला? मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

---

रेणू_तिवसा | सकाळी ९:३०

ताई, मला एक कळत नाही. दक्षिण आफ्रिकेनं उघड उघड सोडून दिलं. मग तिला शिक्षा काय झाली?

आणि दुसरं. माणूस हजर नसेल तर केस त्याच्याशिवाय चालवता येत नाही का? आमच्याकडे ग्रामसभेत सरपंच आला नाही तरी ठराव होतो.

---

वकीलताई_पुसद | सकाळी १०:४०

रेणू, दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. या कोर्टात आरोपी खटल्यात हजर असावाच लागतो. त्याच्या गैरहजेरीत साक्षी ऐकून शिक्षा सुनावता येत नाही. म्हणून माणूस हाती लागला नाही की फाईल तिथंच थांबते. बशीरची तशीच थांबली आहे.

शिक्षेचं म्हणशील तर २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्याच वरच्या कोर्टानं सरकार चुकलं असा निकाल दिला. हेगच्या कोर्टानं जुलै २०१७ मध्ये म्हटलं की हो, कर्तव्यात कसूर झाली, पण पुढं प्रकरण कुणाकडे पाठवलं नाही. पाठवलं असतं तरी सदस्य देशांच्या सभेकडे किंवा सुरक्षा परिषदेकडे. तिथं निषेधाचे शब्द मिळतात. दंड, जप्ती असं काही कलमच नाही.

आता गुरुजींचा २००२ चा मुद्दा, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि तोच सगळ्यात गमतीचा आहे. बेल्जियमनं १९९३ मध्ये कायदा केला होता की जगात कुठंही, कोणीही, कोणावरही युद्धगुन्हा केला तरी आम्ही खटला चालवू. त्याखाली २००० साली काँगोचे परराष्ट्रमंत्री येरोडिया यांच्यावर वॉरंट काढलं. काँगो देशादेशांच्या कोर्टात गेला आणि १४ फेब्रुवारी २००२ ला जिंकला. कोर्ट म्हणालं, पदावर असेपर्यंत परदेशातल्या कोर्टाला अशा माणसाला हात लावता येत नाही. इथपर्यंत गुरुजी बरोबर.

पण त्याच निकालात कोर्टानं हेही लिहिलं की पदाचं हे कवच म्हणजे माफी नाही. माणूस पदावरून गेला की काही बाबतीत खटला चालू शकतो, त्याच्याच देशात चालू शकतो, देशानं कवच काढलं तर चालू शकतो, आणि काही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयांपुढं पदावर असतानाही चालू शकतो. गुरुजींनी निकालाचं पहिलं पान वाचलं आणि शेवटचं राहिलं.

याचं ताजं उदाहरण सीरियाचे असद. २०१३ च्या रासायनिक हल्ल्यासाठी फ्रान्सच्या न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्यावर वॉरंट काढलं, ते तेव्हा अध्यक्ष होते. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टानं ते रद्द केलं, कारण काढलं त्या दिवशी ते पदावर होते. आणि सोबत सांगितलं की आता ते पदावर नाहीत, नवीन काढायचं तर काढता येईल. गुन्हा तोच, पुरावा तोच, फक्त खुर्ची गेली.

---

तेल्हारा_गुरुजी | सकाळी ११:१५

दोन कोर्टांचं मान्य, माझी गफलत झाली. वय झालं. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. सुदान सदस्यच नाही. मग सुदानच्या राष्ट्रप्रमुखाचं कवच दुसऱ्या देशांनी का फोडायचं? कराराचा नियम तर ज्यांनी सही केली त्यांनाच लागू. शेजाऱ्यानं सोसायटीच्या नियमांवर सही केली म्हणून माझ्या घरात घुसता येत नाही.

---

वकीलताई_पुसद | दुपारी १२:२०

गुरुजी, हा प्रश्न हेगच्या न्यायाधीशांनाही दहा वर्षं पुरला. शाबास.

करारातच दोन कलमं एकमेकांच्या अंगावर येतात. कलम २७ म्हणतं, पद कितीही मोठं असो, कोर्टापुढं कवच नाही. कलम ९८ म्हणतं, तिसऱ्या देशाच्या माणसाचं कवच मोडावं लागेल अशी विनंती कोर्टानं सदस्य देशाला करू नये, आधी त्या तिसऱ्या देशाची संमती घ्यावी. कलम २७ कोर्टाचा दरवाजा उघडा ठेवतं आणि कलम ९८ वाटेतल्या पोलिसाचा हात धरतं.

मार्च २०१७ मध्ये बशीर अरब लीगच्या बैठकीला जॉर्डनला गेले. जॉर्डन सदस्य, त्यांनीही धरलं नाही आणि नेमकं तुमचंच म्हणणं मांडलं. प्रकरण अपिलात गेलं. ६ मे २०१९ ला अपील पीठानं निकाल दिला. त्यात दोन पाय होते.

पहिला पाय सुरक्षा परिषदेचा. ठरावात "पूर्ण सहकार्य करावं" हे वाक्य आहे, म्हणून सुदान सदस्य असल्यासारखाच धरायचा आणि त्याचं कवच गेलं. दुसरा पाय जास्त मोठा. पीठ म्हणालं की आंतरराष्ट्रीय कोर्टापुढं राष्ट्रप्रमुखाला कवच असल्याची प्रथाच कधी नव्हती, त्यामुळे त्याच्या विनंतीवरून अटक करणाऱ्या देशापुढंही ते चालत नाही. बऱ्याच अभ्यासकांना हा दुसरा पाय लंगडा वाटतो. मलाही प्रबंध लिहिताना वाटला होता, आणि माझ्या मार्गदर्शकांशी त्यावरून खटकलं होतं. जॉर्डनला सभेकडे पाठवायचा आधीचा निर्णय मात्र अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी फिरवला गेला.

आता पुतीनकडे या. तिथं सुरक्षा परिषदेचा ठराव नाही आणि येणारही नाही, रशियाकडे नकाराधिकार आहे. कोर्टाला अधिकार मिळाला तो युक्रेननं स्वतः २०१४ आणि २०१५ मध्ये लिहून दिल्यामुळे, कारण गुन्हा त्याच्या जमिनीवर झाला. म्हणजे पहिला पाय नाहीच. सगळं वजन दुसऱ्या पायावर. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतीन मंगोलियात गेले, तो सदस्य देश. मंगोलियानं धरलं नाही. आम्ही इंधनासाठी शेजाऱ्यावर अवलंबून आहोत असंही तिथल्या सरकारनं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये कोर्टानं मंगोलियाला दोषी धरलं आणि प्रकरण सभेकडे पाठवलं. रशियाला लागून असलेल्या, तिकडून पेट्रोल घेणाऱ्या देशानं काय करायला हवं होतं याचं उत्तर निकालात मिळतं, पण उलानबातरच्या मंत्र्याला ते पुरेसं वाटलं नसणार.

---

सिंदेवाही_७० | दुपारी १:०५

म्हणजे माझंच खरं. वॉरंट काढायचं, निषेध करायचा, विसरायचं. रद्दीची पार्टी जिंकली. आलूबोंडे आणा.

---

चिखलीचा_अभ्यासू | दुपारी १:२०

थांबा. मला एक आठवलं. ऑगस्ट २०२३ ला ब्रिक्सची परिषद जोहान्सबर्गलाच होती ना? पुतीन तिथं गेलेच नाहीत. व्हिडिओवरून बोलले आणि परराष्ट्रमंत्री पाठवला. रद्दीला घाबरून कोणी घरी बसतं का?

---

वकीलताई_पुसद | दुपारी २:००

हेच लिहिणार होते. आणि ते का गेले नाहीत याची मुळं २०१५ च्या त्या सोमवारात आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या कोर्टांनी तेव्हा सरकारला झाडलं नसतं तर २०२३ मध्ये सरकारला कसली भीती? या खेपेला विरोधी पक्ष आधीच प्रिटोरियाच्या त्याच हायकोर्टात गेला होता. अध्यक्ष रामाफोसांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलं की पुतीनना अटक करणं म्हणजे रशियाविरुद्ध युद्ध पुकारल्यासारखं होईल. काही दिवसांनी जाहीर झालं की पुतीन येणार नाहीत, दोघांच्या संमतीनं. एका विमानतळावर हरलेली केस आठ वर्षांनी दुसऱ्याच माणसाविरुद्ध कामी आली.

सिंदेवाहीकर, तुम्ही "रद्दी" म्हणता त्या कागदानं जगाचा नकाशा त्या माणसासाठी लहान केला. दिल्ली, बीजिंग उघडं. युरोपचा बराच भाग बंद. तुरुंग नव्हे ते, कबूल. आफ्रिकेचं म्हणाल तर पहिल्या काळातल्या बहुतेक फाईली तिथल्याच होत्या हे खरं आहे, जरी त्यातल्या काही त्या त्या देशांनी स्वतःच पाठवल्या होत्या. बलवान देशांच्या मित्रांना सवलत मिळते का? मिळते. मी वकील आहे, तालुक्याच्या कोर्टातही बघते.

---

माजी_सैनिक_मेहकर | दुपारी ३:३५

ताई, बशीर तर एप्रिल २०१९ ला लष्करानंच पाडला ना? मग कवच गेलं, खुर्ची गेली. आता तरी हेगला का नाही?

---

वकीलताई_पुसद | दुपारी ४:१५

दादा, कारण कवचाबरोबर ताबाही लागतो. ज्या लष्करानं पाडलं त्याच्याच ताब्यात ते. दारफूरमध्ये जे झालं त्यात लष्कराचे स्वतःचे लोकही होते. बशीर हेगच्या कोर्टात बोलू लागले तर कोणाकोणाची नावं घेतील, हा हिशोब लष्करानं केला असणार, असा माझा अंदाज. सुदानमध्ये बशीरवर भ्रष्टाचाराचा खटला चालून २०१९ च्या डिसेंबरला दोन वर्षांची शिक्षा झाली. २०२३ पासून तिथं पुन्हा युद्ध पेटलं आणि सुपूर्द करण्याची गोष्टच मागं पडली.

उलट बाजूही आहे. फिलिपाइन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते. २०१९ मध्ये त्यांच्याच सरकारनं देशाला कोर्टातून बाहेर काढलं. २०२२ ला पद गेलं, नवं सरकार त्यांच्या घराण्याशी भांडलं, आणि मार्च २०२५ मध्ये मनिलाच्या विमानतळावर धरून त्याच दिवशी हेगच्या विमानात बसवलं. बाहेर पडण्याआधी झालेल्या गुन्ह्यांवर कोर्टाचा अधिकार राहतो. पण पकडलं कोणी? मनिलाच्याच पोलिसांनी, मनिलातलं राजकारण फिरल्यावर.

---

रेणू_तिवसा | सायंकाळी ६:१०

म्हणजे दारफूरच्या बायकांनी न्यायासाठी बशीरचं दुसऱ्या कोणाशी भांडण होण्याची वाट बघायची. मला हे पटत नाही, ताई. पण तुम्ही खोटं सांगत नाही हेही कळतंय.

---

वकीलताई_पुसद | सायंकाळी ६:४०

रेणू, एक गोष्ट मात्र झाली. त्याच दारफूरमधला अली कुशायब, सरकारच्या बाजूनं लढणाऱ्या जंजवीद टोळ्यांचा म्होरक्या, २०२० मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात स्वतः शरण आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरला. दारफूरच्या लोकांनी हेगला त्याच्याविरुद्ध साक्षी दिल्या. तो राष्ट्रप्रमुख नव्हता. त्याचा साहेब बशीर अजून हेगच्या हाती लागलेला नाही. यानं तुझं समाधान होईल असं मी म्हणत नाही.

---

पराटीवाला | रात्री ८:१५

ताई, सगळं वाचलं. बशीरले इमान होतं, माह्या व्यापाऱ्याले बुलेट हाये, बाकी खेळ तोच. फरक इतकाच का त्या कोर्टाले ठाणंच नाई, अन् आमच्या कोर्टाले हाये पण त्याले दिसत नाई. आता मी करू काय ते सांगा.

---

वकीलताई_पुसद | रात्री ८:५०

भाऊ, तुमच्या कोर्टाकडे जे आहे ते हेगला मिळालं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. पुढच्या तारखेला तुमच्या वकिलांना सांगा की वॉरंट पोलीस अधीक्षकांमार्फत बजावायचा अर्ज द्या. तरी "मिळून आला नाही" आलं तर फरारीचा जाहीरनामा मागा आणि त्यापाठोपाठ मालमत्ता जप्तीचा अर्ज. वॉरंटची प्रत खिशात ठेवा, बाजारात दिसला की तिथूनच ठाण्याला फोन लावा आणि वेळ लिहून ठेवा. दोन-तीन वेळा अशी नोंद झाली की कोर्टापुढं ठाण्यालाच उत्तर द्यावं लागतं. त्याचं गोदाम आहे ना?

---

पराटीवाला | रात्री ९:०२

गोदाम हाये. पण मागच्या साली बायकोच्या नावावर करून टाकलं म्हणते.

---

वकीलताई_पुसद | रात्री ९:०५

तलाठ्याकडून फेरफार काढा आणि तारीख बघा. चेक बाऊन्स झाल्याच्या आधीची आहे की नंतरची, तेवढं मला कळवा.